खोडलेली ओळ

प्रिय बाळा,

तुझा कागद मिळाला. तुझ्या ऑफिसातल्या ताईंचे वडील गेले, तुला ताईंना पत्र लिहायचंय आणि चार दिवस शब्द सुचत नाहीत, म्हणून तू कच्चा मसुदा माझ्याकडे पाठवलास. वाचला. रागावू नकोस, पण त्यात ताई कुठेच नाहीत.

"आपल्या तीर्थरूपांच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून मनावर वज्राघात झाला. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो." अरे, हे चौकातल्या फ्लेक्सवरचं मराठी आहे. तीर्थरूप आपण आपल्या वडिलांना लिहितो. त्यांच्या वडिलांना नुसतं 'अण्णा' म्हण, ऑफिसात सगळे तेच म्हणायचे. आणि 'मृतात्मा' हा शब्द लेकीसमोर उच्चारवतो का? मग लिहिवतो कसा?

मात्र त्याच कागदावर खाली तू एक ओळ लिहून खोडली आहेस. उजेडासमोर धरून मी ती वाचली. दरवर्षी अण्णा कोरेगावहून वाघ्या घेवड्याची पिशवी घेऊन यायचे, प्रत्येकाच्या टेबलावर ओंजळभर ठेवायचे आणि "रात्रभर भिजत घाला, घाई केली तर दाताखाली येतो" असं बजावायचे. ही ओळ का खोडलीस? हलकी वाटली? पत्र तेवढंच आहे, बाकी सगळं खोड.

गेलेल्या माणसाची तू स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहायची. त्याच्या लेकराला ती ठाऊक नसेल, किंवा इतरांच्याही लक्षात होती हे ठाऊक नसेल. माणूस पाहिलाच नसेल, तर ताईंनी त्यांच्याबद्दल जे सांगितलं असेल ते लिही. तेही नसेल तर दोन ओळींत थांब. रचून काही लिहू नकोस, घरच्यांना लगेच कळतं.

हे मला शहाणपणाने सुचलेलं नाही. मी सव्वीस वर्षांचा असताना आमच्या ऑफिसातल्या एकाची आई गेली. मी त्याला दोन फुलस्केप भरून तत्त्वज्ञान लिहिलं, वर "तू थोरला, तुला रडून चालायचं नाही" अशी ताकीद. पुढे कितीतरी वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत तो म्हणाला, "तुझं पत्र वाचून मी सावडायलासुद्धा कोरडाच उभा राहिलो." मी काही वाईट हेतूने लिहिलं नव्हतं. त्या काळी सगळे असंच लिहायचे, मला कोणी अडवलं नाही. पण तो घास अजून गिळवत नाही.

माझी आई गेली तेव्हा ढिगाने कार्डं आली. वडिलांनी जुन्या रीतीप्रमाणे वाचली आणि फाडली. एक मात्र मी लपवून ठेवलं, आमच्या शिपायाचं. त्याने लिहिलं होतं की डाक द्यायला आलो की आजी चहा द्यायच्या आणि दुसऱ्या खेपेपासून न सांगता साखर जास्त घालायच्या. मला हे माहीतच नव्हतं.

म्हणून "खचू नका", "आईंकडे बघा", "काळ हेच औषध" हे सगळं काढ. वारसनोंदीला मदत करतो असं लिहिलंयस, चांगलं आहे, पण सातबारा त्या पत्रात नको. ते नंतर तोंडी सांग. "काही लागलं तर कळवा" यानेही काम त्यांच्याच गळ्यात पडतं. त्याऐवजी तू जे करून ठेवलंयस ते लिही.

आता रीत. वर 'श्री' घालायचा नाही, क्षेमकुशल विचारायचं नाही, उत्तर मागायचं नाही. हाताने लिही. तेराव्यानंतर घरी पोचेल असं टाक. माहुलीला रक्षा सोडून पाहुणे परतले की घर एकदम गप्प होतं, तेव्हा पत्र हातात पडावं. ऑफिसच्या टेबलावर ठेवू नकोस, सगळ्यांदेखत वाचावं लागतं.

तुझंच मी असं केलंय:

"ताई, अण्णा गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. दरवर्षी ते माझ्या टेबलावर ओंजळभर घेवडा ठेवायचे आणि भिजत घालायला बजावायचे. गेल्या वर्षी मी घाई केली, तो दाताखाली आला आणि मला त्यांची आठवण आली. तुमच्या टेबलावरची टपाल नोंद मी रोज लिहितोय, ती तुंबलेली नाही. उत्तर पाठवू नका."

एवढंच. तुला वाटेल फार थोडं झालं. नाही झालं. पाहिलेलं एक पुरतं, हे किती वेळा सांगू?

घाई केल्याचं मी माझ्या मनाने घातलंय. तू तो घेवडा खरंच शिजवला होतास ना? नसशील, तर ते वाक्य काढ आणि पिशवीवर थांब.

तुझा,
काका