घटनेच्या कलम ३११(२) च्या प्रश्नात आधी चौकशी का टाळली ते बघ

अरे, सरकारी नोकराला चौकशीशिवाय बडतर्फ करू नये असं कलम ३११(२) म्हणतं, पण त्याला अपवादही आहेत, म्हणून बडतर्फीचा प्रश्न आला की लगेच '३११(२) चा भंग' लिहून मोकळा होऊ नकोस, आधी चौकशी कुठल्या आधारावर टाळली ते बघ. समज, हवालदाराला थेट बडतर्फ केलं आणि ऑर्डरमध्ये नुसतं 'साक्षीदार पुढे येणार नाहीत' एवढंच, तर हा त्या अपवादांतला खंड (ब), म्हणजे चौकशी व्यवहार्य नव्हती असं म्हणणं. मग फाइलमध्ये लेखी कारणं आहेत का ते शोध, कारण सुप्रीम कोर्टाच्या तुलसीराम पटेल निकालानुसार (१९८५) ती ऑर्डरमध्ये नसली तरी चालतं, पण कुठेच लिहिलेली नसतील तर बडतर्फी टिकत नाही. आणि ३११(३) मध्ये अधिकाऱ्याचा निर्णय 'अंतिम' म्हटलाय म्हणून घाबरू नको, कोर्ट कारणं तपासतंच. साक्षीदारांना धमक्या आल्याचा रिपोर्ट असेल तर गोष्ट वेगळी, नुसता अंदाज चालत नाही.