आरोप झाल्यावर समोरच्यानेच उलट तक्रार केली, तर समितीने काय करायचं?

प्रश्न: आमच्या कंपनीच्या अंतर्गत समितीवर मी नवीनच आहे. एका मुलीने तिच्या मॅनेजरविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार दिली. तक्रारीची प्रत हातात पडल्यावर आठवड्याभरात त्याने तिच्याविरुद्ध दोन पानी तक्रार दिली. एचआर म्हणतं दोन्ही एकत्र घ्या. समितीतले काही म्हणतात, हा सरळ सूड आहे, केराची टोपली दाखवा. नक्की काय करावं?

उत्तर:

एकत्र घेऊ नका, आणि केराची टोपलीही दाखवू नका. मी काही कंपन्यांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. अशी उलट तक्रार आली की मी आधी ती वाक्यावाक्याने वेगळी करायला लावते, कारण तिच्यात बहुतेक वेळा तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच कागदावर कोंबलेल्या असतात.

एक प्रकरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. हिशेब विभागातल्या एका मुलीने साहेबाच्या रात्री-अपरात्री येणाऱ्या मेसेजेसबद्दल तक्रार केली. साहेबाने उलट लिहून दिलं की मेसेज दोघांच्या खुशीने चालले होते. तिचं काम सुमार आहे आणि ती उशिरा येते. तिने ग्राहकांची यादी स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवली. आणि तिची तक्रार धादांत खोटी असल्याने तिच्यावर कारवाई व्हावी.

यातला पहिला मुद्दा तक्रार नव्हेच, तो त्याचा बचाव आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे प्रत मिळाल्यापासून १० कामाच्या दिवसांत त्याने कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या नावांसह उत्तर द्यायचं असतं. तेव्हा हा भाग तिच्याच चौकशीत त्याचं उत्तर म्हणून घ्या, त्याची प्रत तिला द्या आणि त्यावर तिचं म्हणणं ऐका. हे टाळून ‘उलट तक्रार आम्ही वाचलीच नाही’ म्हणाल, तर त्याला बाजू मांडू दिली नाही हा मुद्दा अपिलात तुमच्याच अंगाशी येईल.

खोट्या तक्रारीचा मुद्दा कलम १४ चा, आणि त्याची वेळ शेवटी येते. नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, असं ते कलमच सांगतं. तक्रार खोटी आहे हे माहीत असून किंवा द्वेषबुद्धीने केली, हे रीतसर चौकशी करून दाखवावं लागतं. त्यामुळे आधी तिच्या तक्रारीवर निष्कर्ष काढा. हा प्रश्न त्यानंतरचा, आणि तोही तेवढा पुरावा समोर आला तरच.

राहिला ग्राहकांच्या यादीचा मुद्दा. हा शिस्तभंगाचा आरोप आहे, लैंगिक छळाशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो तुमच्या समितीच्या अखत्यारीतच येत नाही. तो कंपनीच्या सेवानियमांप्रमाणे वेगळ्या माणसांकडे जायला हवा, आणि ती माणसं त्या साहेबाच्या हाताखालची किंवा त्याच्या वरची नकोत. गोपनीयता पाळायची असल्याने त्यांच्याकडे फक्त यादीचा मजकूर द्या, छळाच्या तक्रारीतलं काही नको.

आमच्या प्रकरणात मूळ ईमेल सर्व्हरवरून काढून घेतला. छापील स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ मेलमध्ये तारीख, वेळ आणि कोणाकोणाला प्रत गेली ते दिसतं. तिने यादी खरंच पाठवली होती, मार्चमध्ये, आणि प्रत खुद्द साहेबालाच होती. त्याने तक्रार केली जुलैमध्ये, स्वतःवर आरोप झाल्यावर. समितीतल्या एकीचं मत पडलं की सूड सिद्ध झाला, विषय संपला. तसं नसतं. उशीर झाला म्हणून घडलेली गोष्ट घडली नाही असं होत नाही. उशिरावरून हेतूबद्दल शंका घेता येते, मजकूर खरा की खोटा ते मात्र कागद बघूनच ठरवायचं. म्हणून चौकशी करणाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: इतर कोणी असं केलं तेव्हा कंपनीने काय केलं? विभागातल्या आणखी काही जणांनी घरून काम करताना याद्या तशाच पाठवल्या होत्या आणि त्यांना तोंडी समज दिली होती. मग तिलाही तीच समज मिळाली, ना कमी ना जास्त. इकडे समितीने मेसेजेसची तक्रार त्यातल्या बहुतांश भागापुरती खरी ठरवली. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी उभे राहिले.

तारखांचा हाच नियम दुसऱ्या बाजूलाही लावा. साहेबाने तिच्या उशिरा येण्याबद्दल एचआरला आधीच मेल केलेला असेल, तर तो आरोपानंतर रचलेला नाही आणि त्याला वजन द्यायला हवं. उलट, कधीकधी आपल्याविरुद्ध तक्रार येणार याची कुणकुण लागलेला माणूसच आधी तक्रार ठोकून देतो. पहिला कोण आला यावरून खरं-खोटं ठरवण्यात अर्थ नाही.

फौजदारी खटल्यांत एकाच मारामारीतून दोन उलटसुलट गुन्हे नोंदले जातात, तेव्हा काय करायचं हे सर्वोच्च न्यायालयाने नथीलाल प्रकरणात १९९० साली सांगितलं आहे. दोन्ही खटले एकाच न्यायाधीशाने एकामागोमाग ऐकायचे, पहिल्याचा निकाल राखून ठेवायचा, आणि एका खटल्यातला पुरावा दुसऱ्यात वापरायचा नाही. तुमच्या समितीला हे बंधनकारक नाही, आणि इथे अखत्यार वेगळे असल्याने चौकशी करणारेही वेगळेच राहतील. पण त्यातल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. एखादा सहकारी दोन्ही चौकशांत साक्षीदार असेल, तर त्याचा जबाब दोनदा, वेगवेगळा घ्या. आणि यादीच्या चौकशीचे कागद ताबडतोब जपून ठेवा, पण तिला शिक्षा देण्याचा आदेश समितीचा अहवाल येईपर्यंत काढू नका, असं व्यवस्थापनाला लेखी सुचवा.

मधल्या काळात त्या मुलीचं मूल्यमापन कोण लिहितंय ते बघा. ‘काम सुमार’ हा मुद्दा इथे फार सोयीचा असतो, कारण तो सिद्ध करणारा कागद आरोपीच्याच हातात असतो. तिने लेखी मागितलं तर साहेबाकडून तिचा गोपनीय अहवाल लिहिण्याचं काम काढून दुसऱ्या अधिकाऱ्याला द्यावं, अशी शिफारस समिती नियम ८ खाली करू शकते. हे मागता येतं हेच बऱ्याच जणींना ठाऊक नसतं, म्हणून तिला तसं सांगा. आरोपानंतर अचानक घसरलेले गुण आधीच्या दोन-तीन वर्षांच्या गुणांशेजारी ठेवून पाहा.

एचआरला ‘एकत्र’ का हवं आहे, याचाही अंदाज घ्या. बहुतेकदा मनात असतं की दोघांनी आपापली तक्रार मागे घ्यावी आणि प्रकरण मिटावं. कलम १० खाली समेट होऊ शकतो, पण चौकशी सुरू होण्याआधी, फक्त तिने विनंती केली तर, आणि पैशांच्या देवाणघेवाणीवर नाही. समितीने किंवा एचआरने स्वतःहून तसं सुचवणं त्यात बसत नाही. तुमची ९० दिवसांची मुदतही उलट तक्रार आली म्हणून थांबत नाही, तेव्हा पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तातच लिहून टाका की दोन पानांतला कुठला भाग उत्तर म्हणून घेतला, कुठला कोणाकडे पाठवला आणि कुठला शेवटासाठी ठेवला. त्यावर दोघांचीही पोच घ्या. तिच्या प्रतीत आणि त्याच्या प्रतीत एकच मजकूर असू द्या.