वर्गाचं थ्रीडी चित्र मागवताना: फळा, बाक आणि उजेड मुलाच्या जागेवरून

प्रश्न: ठाण्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. सुट्टीत वर्गांना नवे ड्युअल डेस्क, व्हाइटबोर्ड आणि पडदे करायचे आहेत. इंटिरियरवाल्यांनी थ्रीडी चित्रं पाठवली, ती छान दिसतात. पण त्यावरून फळा सगळ्यांना दिसेल का, उजेड पुरेल का, हे कसं ओळखायचं?

उत्तर:

मॅडम, मी नवी मुंबईत हेच काम करतो, इमारत व्हायच्या आधी तिची थ्रीडी चित्रं काढण्याचं. तुमच्याकडे आलेली चित्रं बहुधा दाराच्या वरच्या कोपऱ्यातून, रुंद लेन्सने काढलेली असतील. त्या कोपऱ्यात कुणीच बसत नाही. शिवाय रुंद लेन्समुळे खोली आहे त्यापेक्षा ऐसपैस वाटते. तुम्हाला जे ठरवायचं आहे त्यासाठी कॅमेरा मुलाच्या जागेवर, जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर हवा. पाचवीतलं मूल बसल्यावर त्याचे डोळे जवळपास तिथे येतात.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न व्हाइटबोर्डचा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. व्हाइटबोर्ड गुळगुळीत असतो. खिडकीचा उजेड त्याच्यावर पडला की ठरावीक जागी बसलेल्या मुलांना अक्षरांऐवजी पांढरा चट्टा दिसतो. नेमकं कुणाला, हे कागदावर काढता येतं. घणसोलीच्या एका शाळेतल्या वर्गाचं उदाहरण देतो. खोली 20 फूट रुंद, 25 फूट लांब. फळा उत्तरेच्या 20 फुटी भिंतीवर. मुलं फळ्याकडे बघत असताना डाव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला, तीन खिडक्या. फळ्याच्या भिंतीपासून मोजलं तर पहिली 3 ते 8 फुटांवर, दुसरी 10 ते 15 आणि तिसरी 17 ते 22 फुटांवर.

आलेख कागदावर हा नकाशा काढा. फळ्याची भिंत म्हणजे आरसा समजा आणि तिन्ही खिडक्या भिंतीच्या पलीकडे, तितक्याच अंतरावर उलट्या काढा. मग एखाद्या मुलाच्या जागेवरून पलीकडच्या खिडकीच्या दोन्ही टोकांपर्यंत पट्टीने रेघा ओढा. त्या रेघा फळ्याच्या भिंतीला जिथे छेदतात, त्या दोन बिंदूंमध्ये त्या मुलाला चकाकी दिसणार.

पहिल्या रांगेत, व्हरांड्याच्या बाजूला बसलेली मुलगी घ्या: फळ्यापासून 9 फूट, खिडक्यांच्या भिंतीपासून 17 फूट. तिच्यासाठी चट्टे डाव्या भिंतीपासून सुमारे सव्वाचार फुटांवर सुरू होतात आणि थोडी थोडी जागा सोडत 12 फुटांपर्यंत जातात. खिडकीजवळ, 3 फुटांवर बसलेल्या मुलाला मात्र मधल्या फळ्यावर चट्टाच दिसत नाही. म्हणजे खिडकीपासून जितकं लांब बसावं तितका त्रास जास्त. पालकसभेत सहसा याच्या उलट समज ऐकू येतो.

या वर्गात सगळ्यात अवघड जागा त्या मुलीचीच होती, आणि तिच्यासाठीही 12 फुटांच्या उजवीकडे एकही रेघ जात नाही. त्यामुळे तिथे 12 फुटी व्हाइटबोर्ड मध्यभागी लावण्याचा विचार सोडून दिला. डावीकडे खडूचा मॅट हिरवा फळा ठेवला आणि उजवीकडे, साडेबारा ते साडेसतरा फुटांमध्ये, 5 फुटी व्हाइटबोर्ड बसवला. हिरव्या फळ्याचा पृष्ठभाग खरबरीत असल्याने त्यात खिडकी आरशासारखी उमटत नाही. व्हाइटबोर्ड आणखी उजवीकडे नेला नाही, कारण खिडकीजवळच्या पहिल्या बाकावरून तो फारच तिरका दिसला असता.

कागदाचा कंटाळा असेल तर आजच करता येईल असा एक उपाय आहे. फळा लावायचा आहे त्या भिंतीला एकाला छोटा आरसा सपाट टेकवून धरायला सांगा आणि तुम्ही बाकावर बसा. आरशात खिडकी दिसली की तिथे व्हाइटबोर्ड चकाकणार. आरसा फूटभर सरकवत जा आणि भिंतीवर खडूने खुणा करा.

आता उन्हाचं. चित्रकाराला पहिला प्रश्न हा विचारा की मॉडेलमध्ये ठिकाण आणि उत्तर दिशा भरली आहे का. स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण भरलं नाही तर ते अमेरिकेतलं बोल्डर शहर धरतं. तिथलं ऊन ठाण्याच्या वर्गात पाडून काही उपयोग नाही. ठाण्याचं अक्षांश साधारण 19.2 आणि वेळ UTC+5:30 हवी.

तुमचं दुपारचं सत्र असेल आणि खिडक्या पश्चिमेला असतील, तर डिसेंबरच्या मध्यातली संध्याकाळी साडेचारची वेळ आणि निरभ्र आकाश धरून चित्र मागवा. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 18 अंश वर असतो. खिडकीची वरची कड 7 फुटांवर असेल, तर छज्जा नसताना ऊन बाकांच्या पातळीवर जवळपास 12 फूट आत येतं. 2 फुटी छज्जा असला तरी ते 10 फुटांपर्यंत येतंच, कारण इतक्या खालच्या सूर्यासाठी तो छज्जा खिडकीचा वरचा दहा इंच भागच सावलीत घेतो. पश्चिमेला छज्जा वाढवण्यापेक्षा रोलर पडदा किंवा उभ्या पट्ट्यांवर पैसे घालवणं मला पटतं. आणि बाकांचा वरचा सनमायका मॅट घ्या, फिक्या लाकडी रंगाचा. पांढऱ्या चकचकीत सनमायक्यावर हे ऊन थेट मुलांच्या डोळ्यांत जातं.

दुसरं चित्र जुलैतल्या ढगाळ सकाळचं मागवा, दिवे बंद ठेवून. आपल्याकडे शाळा सुरू होते तीच पावसाळ्यात, म्हणून उजेड पुरतो का हे तेव्हाच तपासायचं. ढोबळ हिशेब असा की कामापुरता उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत आत पोचतो. 7 फुटांच्या कडेला हे 14 ते साडेसतरा फूट होतं, म्हणून 20 फुटी खोलीत व्हरांड्याकडची रांग अंधारीच राहते. सॉफ्टवेअरमधला कॅमेरा एक्स्पोजर आपोआप वाढवतो आणि तो अंधार चित्रात दिसतच नाही. दोन्ही चित्रांना एक्स्पोजर एकच, लॉक करून ठेवायला सांगा. जमल्यास बाकांच्या उंचीवर कुठे किती उजेड पडतो हे दाखवणारा लक्सचा रंगीत नकाशाही मागा. त्यावर लांबची रांग काळोखी दिसली तर खिडक्या वाढवायची गरज नाही. दिव्यांच्या ओळी खिडक्यांना समांतर ठेवा आणि व्हरांड्याकडच्या ओळीला वेगळं बटण द्या. सकाळी तेवढी एकच ओळ लावली की भागतं.

बाकांबद्दल एकच सांगतो. तयार मॉडेलमधले परदेशी एकेरी डेस्क चित्रात सुटसुटीत दिसतात. तुम्ही घेणार असलेल्या ड्युअल डेस्कची मापं विक्रेत्याकडून आणून तेच मॉडेलमध्ये बसवायला लावा, नाहीतर मधली वाट चित्रात आहे आणि वर्गात नाही, असं होतं.

चित्रकाराला देण्यासाठी तुम्हीच मापं घ्या: खिडकीची खालची आणि वरची कड जमिनीपासून किती, छज्जा किती, भिंतीची जाडी किती. उत्तर दिशा मोबाइलच्या होकायंत्राने बघताना लोखंडी ग्रिलपासून लांब, मैदानात उभ्या राहा. समोरची इमारत किती मजली आणि किती फुटांवर आहे हेही लिहून द्या. मॉडेलमध्ये ती इमारत नसेल तर खालच्या मजल्यावरचे वर्ग चित्रात खऱ्यापेक्षा बरेच उजळ दिसतील.