कोबी सोडण्याआधी चहाची वेळ बघा

ताई, थायरॉइड कमी निघालं म्हणून कोबी-फ्लॉवर घरातून हद्दपार करू नका. मीही सुरुवातीला तेच केलं होतं, आणि थायरॉइडची गोळी मात्र चहासोबत घेत होते! थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं टीएसएच खाली येईना, डॉक्टर डोस वाढवत राहिले.

आधी वेळ सांभाळा. सकाळी सहाला उठल्याबरोबर उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर गोळी, मग चहा-पोहे सातला. चहा-कॉफीने गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास हवेत. मी ती दुपारी जेवणानंतर घेते.

कोबी, फ्लॉवर, मुळा शिजवून भाजी म्हणून खुशाल खा. शिजवल्यावर त्यांतला थायरॉइडला अडवणारा अंश बराच कमी होतो. टाळायचा तो रोजचा पेलाभर कच्चा रस.

सोयाबीनही विष नाही, पण तेही गोळीचं शोषण कमी करतं. त्यामुळे सोया चंक्सची भाजी दुपारी किंवा रात्री करा, नाश्त्याला सोया दूध नको. आणि सोया एक आठवडा रोज, मग महिनाभर बंद, असं करू नका. डोस ठरवणं अवघड जातं.

वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. तोवर डोसला स्वतःहून हात लावू नका.