उत्प्रेरकही असंपृक्त, अल्कीनही असंपृक्त?

प्रश्न: विल्किन्सन उत्प्रेरकाबद्दल वाचताना ‘१६ इलेक्ट्रॉनांचे असंपृक्त संकुल’ असा उल्लेख आला. अल्कीनलाही असंपृक्तच म्हणतात. ऱ्होडियमच्या या संकुलात धातूला दुहेरी बंध नाही, मग तोच शब्द का?

‘आणखी सामावून घ्यायला वाव आहे’ हा अर्थ दोन्हीकडे एकच आहे, मोजायचे मात्र निराळे. अल्कीनमध्ये हायड्रोजन कमी असतात, तर धातूच्या संकुलात इलेक्ट्रॉन १८ पेक्षा कमी पडतात. एक s, तीन p आणि पाच d अशा नऊ कक्षकांत मिळून १८ मावतात, म्हणून हा आकडा.

RhCl(PPh₃)₃ मध्ये ऱ्होडियमचे ९, क्लोरिनचा १ आणि तीन फॉस्फिनचे प्रत्येकी २, एकूण १६. असंपृक्त म्हणजे अस्थिर असे मात्र समजू नका. सपाट चौकोनी रचनेतल्या ऱ्होडियमला १६ चांगले मानवतात आणि हे लालसर संकुल बाटलीत टिकते.

द्रावणात एक फॉस्फिन सुटते आणि उरतात १४. हायड्रोजनचा रेणू तुटून त्याचे दोन्ही अणू धातूला चिकटले की पुन्हा १६ होतात, आणि ऱ्होडियम +१ वरून +३ वर जातो. मग अल्कीन आपल्या पाय बंधातले दोन इलेक्ट्रॉन देते. झाले १८! चक्रात धातू खऱ्या अर्थाने संपृक्त होतो तो इथेच.

आता बाहेरून काही घ्यायची सोय उरली नाही, तेव्हा पुढची हालचाल आतल्या आतच होते. एक हायड्रोजन सरकून अल्कीनच्या कार्बनवर जातो. अल्कीनचे २ आणि त्या हायड्रोजनचा १ असे तीन गेले, नव्या अल्किल गटाचा १ आला, म्हणजे १६. अनेक अल्कीनांच्या बाबतीत हीच पायरी सर्वांत संथ असते. शेवटी अल्किल आणि उरलेला हायड्रोजन जोडून अल्केन बाहेर पडते आणि धातूवर १४ राहतात. गंमत अशी की अल्कीन संपृक्त होऊन निघून जाते आणि धातू मात्र पुन्हा असंपृक्त होतो.

हे १४ चे संकुल खरोखर कामाचे आहे, हे कशावरून? जास्तीचे ट्रायफिनाइलफॉस्फिन टाकले की अभिक्रिया मंदावते, कारण रिकामी झालेली जागा तेच पुन्हा भरते. जॅक हाल्पर्न यांच्या अभ्यासानुसार १४ चे संकुल हायड्रोजनशी १६ च्या संकुलापेक्षा सुमारे दहा हजार पट वेगाने अभिक्रिया करते.

पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड आत शिरला की RhCl(CO)(PPh₃)₂ बनते. मोजून पाहा, इथेही १६ च, म्हणजे नावापुरते तेवढेच असंपृक्त. तरी हायड्रोजनला ते जवळजवळ दाद देत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड धातूची इलेक्ट्रॉन-घनता आपल्याकडे ओढतो आणि हायड्रोजनचा बंध तोडायला धातूकडे पुरेशी उरत नाही.