पुस्तक एक, मुली दोन

"मॅडम, पुस्तक एकच, तेही मागून आणलेलं. एक दिवस माझ्याकडे, एक दिवस हिच्याकडे. वाचताना सगळं समजतं, पेपरात आठवत नाही. पुस्तक नसेल त्या दिवशी करायचं काय?"

त्या दिवशी आठवायचं. दहावीच्या परीक्षा जवळ आल्या की ही काळजी माझ्याकडे येतेच. या दोघी एकाच वर्गातल्या, एक लालबागची, दुसरी शिवडीची.

फ्लॅशकार्डं त्यांनी आधीच केली होती. 'भिंगे व त्यांचे उपयोग' या धड्यातला बहिर्गोल भिंगाचा अख्खा तक्ता एका कार्डावर उतरवला होता. मी कार्ड पालथं घालून विचारलं, "वस्तू 2F₁ वर असेल तर प्रतिमा कुठे?" दोघी गप्प. कार्ड उलटल्यावर लालबागची म्हणाली, "हे तर येत होतं!"

मी म्हटलं, "येत नव्हतं, ओळखीचं वाटलं."

गफलत इथेच होते. पुन्हा पुन्हा वाचलेलं ओळखीचं होतं आणि त्यालाच आपण पाठांतर समजतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून पाहणारे पुढे गेले. माझं सारं काम याच भरवशावर चालतं.

मग एका तक्त्याची सहा कार्डं झाली, वस्तूच्या एका जागेला एक. पुढे प्रश्न, मागे एका दमात सांगता येईल एवढंच उत्तर: "2F₂ वर, वास्तव, उलट, वस्तूएवढीच." शिवाय उलटे प्रश्नही काढले: "प्रतिमा आभासी, सुलट, मोठी; वस्तू कुठे?" ए-फोर आकाराच्या जाड कागदाचे आठ तुकडे केले की कार्ड खिशात मावतं. कोपऱ्यात पुस्तकाचा पान क्रमांक लिहायचा, म्हणजे वाद झाला तर पुस्तक आल्यावर लगेच पाहता येतं.

पुस्तक जिच्याकडे, ती प्रश्न लिहिणार. दुसरी पुस्तकाशिवाय उत्तर देणार. उत्तर मोठ्याने म्हटल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही. चुकलं तर कार्ड रोजच्या गठ्ठ्यात, बरोबर आलं तर दोन दिवसांनंतरच्या, पुन्हा आलं तर पाच दिवसांनंतरच्या. तिथेही चुकलं, तर परत रोजच्या गठ्ठ्यात.

पुढच्या खेपेला शिवडीची म्हणाली, "मॅडम, पुस्तक नसतं त्याच दिवशी जास्त पाठ होतं." हे मी सांगितलं नव्हतं, तिचं तिला उमगलं, आणि मला तेच हवं होतं. पुस्तक समोर असलं की अडखळल्याबरोबर नजर पानाकडे जाते. नसलं की डोक्यातच शोधावं लागतं.

किरणाकृती आणि उदाहरणं मात्र कार्डावर भागत नाहीत. भिंगाचं सूत्र आणि चिन्हांचे संकेत कार्डावर ठेवा, पण आकृती पट्टी-पेन्सिलीने कोऱ्या कागदावर काढा आणि उदाहरण एककांसकट शेवटपर्यंत सोडवा.