सही करण्याआधी नापास मालाचं कलम वाचा

भाऊ, कंपनीशी चिप्सच्या बटाट्याचा पहिलाच करार करताय, तर नुसता किलोचा भाव बघू नका. नवखे तिथेच फसतात. माल कुठे तपासणार, ते आधी विचारा. शेतावर प्रतवारी झाली तर हिरवा, कापलेला, बारीक बटाटा तिथेच वेगळा काढून बाजारात नेता येतो. कारखान्याच्या दारात नाकारला, तर परतीचं भाडंही बहुधा तुमच्याच माथी. समजा भाव १८ रुपये, १० टन पाठवले, २ टन नापास झाले. १,८०,००० ऐवजी १,४४,००० रुपये, आणि त्यातूनही कंपनी उधार दिलेल्या बियाण्याचे पैसे कापणार.

एवढं लिहून घ्याच:
- नापास मालाची कारणासह पावती आणि तो बाहेर विकायची मुभा.
- बियाण्याचा दर आजच. उगवण कमी झाली तर कपात किती घटणार, तेही. पिशवीवरचं लेबल जपून ठेवा.